नर्सची पदवी इटालियनमध्ये नेताना

इटलीत परदेशी नर्सला रुग्णाच्या खाटेशी उभं राहण्याआधी दोन दारं ओलांडावी लागतात. पहिलं रोममधल्या आरोग्य मंत्रालयाचं. तिथे तिचं शिक्षण मान्य होतं किंवा होत नाही. दुसरं ती जिथे काम करणार त्या प्रांतातल्या नर्सेसच्या 'ओर्दिने'चं, म्हणजे नोंदणी करणाऱ्या परिषदेचं. इटालियन भाषेची परीक्षा हीच संस्था घेते. मार्च 2020 मध्ये कोविडच्या लाटेत इटलीने एका वटहुकुमाने हा क्रम तात्पुरता सैल केला आणि परदेशी पदवीवर थेट कामावर घेण्याची मुभा दिली. पुढे तिची मुदत वाढतही गेली. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक मुलींचा असा समज झाला की कागदपत्रांचे सोपस्कार आता उरलेले नाहीत. पण सवलत कामापुरती होती. पदवीची कायमची मान्यता हवी असेल तर कागद आजही रोमलाच जातात, आणि इटालियनमध्येच जातात.

ही पुस्तिका त्या कागदांच्या भाषांतराबद्दल आहे. पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट हे तिचे दोन मुख्य कागद. उदाहरण म्हणून सगळीकडे महाराष्ट्रातल्या बी.एस्सी. नर्सिंगचा आणि जी.एन.एम.चा संच घेतला आहे. इंजिनियरिंग किंवा वास्तुशास्त्राचे कागद घेतले असते तर मंत्रालय बदललं असतं, खाचाखोचा बदलल्या असत्या. नर्सिंग निवडण्याचं कारण असं की या एका विषयात भाषांतरकाराच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. पुस्तिकेचे वाचक इटालियन शिकलेले मराठी भाषांतरकार असतील असं धरलं आहे. पण ज्या नर्सचे कागद आहेत तिनेही ही प्रस्तावना वाचावी, कारण भाषांतराचे पैसे देण्याआधी काय मागायचं हे तिला ठाऊक असलेलं बरं.

सुरुवातीला एक प्रश्न, जो फार कमी लोक विचारतात: भाषांतर लागणार आहे का? इटलीतल्या विद्यापीठात इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल तर इंग्रजीतली ट्रान्सक्रिप्ट बहुतेक ठिकाणी तशीच चालते. रोममधली 'चिमेआ' ही संस्था परदेशी पदवी इटलीच्या कोणत्या पातळीशी जुळते याचा दाखला देते. तीही इंग्रजी कागद सहसा मूळ भाषेतच वाचते. भाषांतर खरोखर लागतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे मुंबईतल्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडून 'दिक्याराझिओने दि वालोरे', म्हणजे पदवीच्या मूल्याचं निवेदन, घेताना. महाराष्ट्र आणि गोवा याच दूतावासाच्या कक्षेत येतात. आणि दुसरं, व्यवसायाच्या मान्यतेसाठी मंत्रालयाकडे अर्ज करताना. नर्सला दुसरं टळत नाही. इतरांनी मात्र ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे त्याची यादी आधी वाचावी. नको असलेलं भाषांतर करून घेतलेले लोक मी बरेच पाहिले आहेत.

आता मूळ मुद्दा. पूर्वी इटलीत परदेशी पदवीबद्दल विचारला जाणारा प्रश्न एकच असे: ही आमच्या पदवीच्या बरोबरीची आहे का? 1933 च्या राजाज्ञेपासून विद्यापीठं विषयाला विषय जोडून पाहत असत. 1997 मध्ये लिस्बनला युरोप परिषद आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने मान्यतेचा करार झाला. इटलीने तो 2002 च्या 148 क्रमांकाच्या कायद्याने स्वीकारला आणि त्याच कायद्याने 1933 ची ती कलमं रद्द केली. तेव्हापासून प्रश्न बदलला. मान्यता कशासाठी हवी आहे, आणि त्या कामापुरतं हे शिक्षण पुरेसं आहे का, एवढंच आता पाहिलं जातं. पुढच्या शिक्षणासाठी हवी असेल तर उत्तर विद्यापीठ देतं, व्यवसायासाठी हवी असेल तर त्या व्यवसायाचं मंत्रालय देतं. म्हणजे पदवीची किंमत ठरवणारा माणूस नेमलेला आहे, आणि तो भाषांतरकार नाही. हे वाक्य वाचायला साधं वाटतं, पण आपल्या भाषांतरांतल्या निम्म्याअधिक चुका ते विसरल्यामुळे होतात. भाषांतरकार मदत करायला जातो, कागदाला थोडं इटालियन रूप देतो, आणि तिथेच घोळ होतो.

पदवीच्या नावापासून पाहू. 'बॅचलर ऑफ सायन्स इन नर्सिंग' याला इटालियनमध्ये 'लाउरेआ इन इन्फेर्मिएरिस्तिका' म्हणण्याचा मोह होतो. लाउरेआ ही इटलीतली पहिली पदवी. 1999 आणि 2004 च्या मंत्रालयीन आदेशांनी ती तीन वर्षांची आणि 180 क्रेडिटची झाली. आपली चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग अखेर त्याच पातळीची ठरेल, अशी शक्यता मोठी आहे. पण ते ठरवणं मंत्रालयाचं काम. भाषांतरात 'लाउरेआ' हा शब्द आला की कागद सांगतो, ही इटालियन कायद्यातली पदवी आहे, आणि ते खोटं आहे. म्हणून पदवीचं नाव इंग्रजीतच ठेवावं, आणि पुढे चौकटी कंसात शब्दशः अर्थ द्यावा. 'मास्टर ऑफ सायन्स'च्या बाबतीत तर हे अधिकच पाळावं लागतं. इटलीत 'मास्टर' या नावाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम आहे, पण तो पदवीनंतरचा साधारण वर्षभराचा विशेष अभ्यासक्रम असतो. तो दुसऱ्या पातळीची पदवी नव्हे. आपलं एम.एस्सी. नर्सिंग 'मास्टर' म्हणून गेलं की ते आपोआप एक पायरी खाली उतरतं. इथे मदत करायला गेलेल्या भाषांतरकाराने उलट नुकसान केलेलं असतं.

जी.एन.एम.चं प्रकरण आणखी नाजूक आहे. त्याचं पूर्ण नाव 'डिप्लोमा इन जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी'. आजच्या इटालियन वाचकाला 'दिप्लोमा' म्हटलं की आधी शाळेचं, म्हणजे बारावीनंतरच्या आपल्या पातळीच्याही अलीकडचं प्रमाणपत्र आठवतं. गंमत अशी की इटलीतल्या नर्सेसही एके काळी दिप्लोमाधारकच होत्या. त्यांचं शिक्षण रुग्णालयांशी जोडलेल्या शाळांत होई. नव्वदच्या दशकात ते विद्यापीठात गेलं, मग लाउरेआ झालं, आणि 1999 च्या 42 क्रमांकाच्या कायद्याने जुने दिप्लोमा नव्याच्या बरोबरीचे धरले गेले. मंत्रालयातल्या ज्येष्ठ माणसाला हा इतिहास ठाऊक असतो, तरुण कारकुनाला असेलच असं नाही. म्हणून भाषांतरात 'दिप्लोमा' हाच शब्द ठेवावा. पण प्रवेशासाठी बारावी आवश्यक होती, मुदत इतक्या वर्षांची होती, हे कागदावर छापलेलं असेल तर त्यातला एकही शब्द गाळू नये. छापलेलं नसेल तर भाषांतरात घालू नये. ते संस्थेकडून वेगळ्या पत्रात आणावं आणि त्या पत्राचं भाषांतर करावं.

याच नावातला 'मिडवाइफरी' हा भाग तितकाच अवघड आहे. आपल्याकडे नर्सिंग परिषदेत नोंदणी होते तेव्हा प्रमाणपत्रावर 'रजिस्टर्ड नर्स' आणि 'रजिस्टर्ड मिडवाइफ' अशी दोन्ही पदं एकत्र येतात. सुईणपण हा आपल्या नर्सच्या शिक्षणाचाच भाग आहे. इटलीत 'इन्फेर्मिएरा' आणि 'ओस्तेत्रिका' हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. त्यांच्या पदव्या वेगळ्या, नोंदणी परिषदाही वेगळ्या. कारकुनासमोर एकाच बाईच्या कागदावर दोन व्यवसाय येतात तेव्हा तो विचारतो, अर्ज नेमका कशासाठी? काही भाषांतरकार ही अडचण टाळायला 'मिडवाइफ' शब्दच गाळतात. तसं करता येत नाही. कागदावर आहे ते इटालियनमध्ये यायलाच हवं. उपाय अर्जात आहे, भाषांतरात नाही. अर्जदार बाईने अर्जाच्या नमुन्यात फक्त 'इन्फेर्मिएरे' हा व्यवसाय लिहावा. भाषांतरकाराने दोन्ही पदं जशीच्या तशी द्यावी आणि तळटीप घालू नये. तळटीप घातली की तो पुन्हा मूल्यमापनाच्या खुर्चीत बसला. याउलट ए.एन.एम. असेल तर इटलीतल्या मदतनीसाचं पदनाम तिला देऊ नये. इंग्रजी नाव ठेवून शब्दार्थ द्यावा, बस.

आता ज्या भागावर अर्जाचं यशापयश खरं अवलंबून असतं तो भाग: तास. 2005 च्या 36 क्रमांकाच्या युरोपीय निर्देशाने सर्वसाधारण नर्सच्या शिक्षणाची किमान अट ठरवली आहे. किमान तीन वर्षं, एकूण 4,600 तास, त्यातला किमान एक तृतीयांश वेळ सैद्धांतिक शिक्षण आणि किमान निम्मा वेळ रुग्णांजवळचं प्रत्यक्ष शिक्षण. आकड्यांत सांगायचं तर सिद्धांताचे सुमारे 1,533 तास आणि वॉर्डातले 2,300. युरोपबाहेरची पदवी पहिल्यांदा मान्य करणाऱ्या देशाने ही किमान अट पाळली पाहिजे, असं निर्देशातच म्हटलं आहे. म्हणून रोममधला माणूस आपली ट्रान्सक्रिप्ट उघडतो तेव्हा गुणांकडे फारसं बघत नाही. तो तासांच्या रकान्यात बोट ठेवून बेरीज करतो.

आणि आपली अडचण अशी की आपल्या जुन्या वार्षिक पद्धतीच्या ट्रान्सक्रिप्टवर रकाने दोनच असतात: 'थिअरी' आणि 'प्रॅक्टिकल'. 'प्रॅक्टिकल'मध्ये दोन गोष्टी असतात. एक, कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुतळ्यावर इंजेक्शन देण्याचा, खाट लावण्याचा, ड्रेसिंगचा सराव. दोन, वॉर्डातली प्रत्यक्ष पोस्टिंग. इटालियनमध्ये या दोहोंना वेगळे शब्द आहेत. पहिल्याला प्रयोगशाळेतला सराव म्हणतात, दुसऱ्याला 'तिरोचिनिओ'. निर्देशातले 2,300 तास फक्त दुसऱ्याचे आहेत.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका ट्रान्सक्रिप्टवर चार वर्षांची बेरीज थिअरी 1,900 आणि प्रॅक्टिकल 2,750 अशी आहे. एकूण 4,650. वरवर पाहता अट पूर्ण झाली. आता भाषांतरकाराने सगळं प्रॅक्टिकल प्रयोगशाळेचा सराव म्हणून लिहिलं तर प्रत्यक्ष शिक्षणाचे तास कागदावर शून्य होतात, आणि अर्ज तिथेच अडतो. उलट त्याने सगळं 'तिरोचिनिओ' म्हणून लिहिलं तर 2,750 तास मिळतात, मंत्रालयाच्या पहिल्या टेबलावर सगळं ठीक दिसतं. पण अर्जासोबत अभ्यासक्रमही जोडलेला असतो, आणि त्यात प्रयोगशाळेचे, समजा, 500 तास वेगळे दिलेले असतात. मग वॉर्डाचे राहतात 2,250, म्हणजे पन्नास कमी. त्याहून वाईट म्हणजे एकाच गठ्ठ्यातले दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलतात, आणि त्यातला एक भाषांतरकाराने शपथेवर दिलेला असतो. पन्नास तास कमी पडले तर मार्ग आहे. मंत्रालय पूरक परीक्षा द्यायला किंवा काही काळ देखरेखीखाली काम करायला सांगू शकतं. विरोधाभासाला असा सोपा मार्ग नाही. तिथून पत्रव्यवहार सुरू होतो आणि महिने जातात.

मग करावं काय? 'प्रॅक्टिकल' या मथळ्याचं भाषांतर 'प्रात्यक्षिक तास' अशा अर्थाच्या, कोणतीही बाजू न घेणाऱ्या शब्दाने करावं, आणि कॉलेजकडून वेगळं पत्र मागावं. त्या पत्रात विषयवार थिअरीचे, प्रयोगशाळेचे आणि वॉर्डातल्या पोस्टिंगचे तास वेगळे लिहिलेले असावेत. पोस्टिंग ज्या रुग्णालयांत झाली त्यांची नावं असावीत. प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का असावा. मग त्या पत्राचं भाषांतर करावं, आणि त्यात मात्र दोन्ही इटालियन शब्द आपापल्या जागी वापरावेत. कॉलेज असं पत्र देत नाही असं सांगणारे भेटतात. पण परदेशी जाणाऱ्या मुलींसाठी अनेक कॉलेजांनी त्याचे छापील नमुनेच करून ठेवले आहेत. मागताना 'ताशी विभागणी' हा शब्द वापरला की कारकुनाला समजतं. पत्र आल्यावर भाषांतरकाराने स्वतः बेरीज करावी. पत्रातली बेरीज आणि ट्रान्सक्रिप्टवरची बेरीज जुळत नसेल तर भाषांतर थांबवून पत्र परत पाठवावं. भाषांतरात आकडा 'दुरुस्त' करू नये.

2021-22 पासून भारतीय नर्सिंग परिषदेने बी.एस्सी. नर्सिंग सहामाही आणि क्रेडिट पद्धतीवर नेलं, त्यामुळे नव्या मुलींची ही अडचण बरीच कमी होईल. नव्या पद्धतीत थिअरी, प्रयोगशाळा आणि क्लिनिकल असे तीन रकाने आहेत. पण तिथे दुसरा खड्डा आहे. आपल्या थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास, प्रयोगशाळेच्या एकाला दोन आणि क्लिनिकलच्या एकाला चार तास असा हिशेब आहे. इटलीतल्या एका विद्यापीठीय क्रेडिटमध्ये वर्गातलं, घरच्या अभ्यासाचं आणि सरावाचं मिळून साधारण पंचवीस तास धरतात, नर्सिंगमध्ये तीस. दोन्हींचं नाव 'क्रेडिट' असलं तरी माप वेगळं आहे. म्हणून इटालियनमध्ये नुसतं 'क्रेदिती' लिहावं. इटलीतल्या विद्यापीठीय क्रेडिटची तीन अक्षरी संक्षिप्त खूण त्याला कधीही लावू नये. तास दिलेले असतील तर ते क्रेडिटच्या शेजारीच राहू द्यावेत.

आकड्यांच्या लेखनाचीही एक साधी पण महागडी गोष्ट आहे. इटालियनमध्ये हजार वेगळे करायला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम वापरतात, म्हणजे आपल्या बरोबर उलट. ट्रान्सक्रिप्टवरचं '1,900' तसंच उतरवलं तर इटालियन वाचकाला ते एक पूर्णांक नऊ दशांश दिसतं. ते '1.900' असं जायला हवं, आणि '72.50 टक्के' हे '72,50' असं. भाषांतर करून देणाऱ्या छोट्या कार्यालयांत हे आकडे अनेकदा मूळ तक्त्यातून तसेच चिकटवले जातात. भाषांतर हातात पडल्यावर सगळ्यात आधी तासांच्या बेरजेतलं विरामचिन्ह पाहावं. ते चुकलेलं असेल तर बाकीचं भाषांतरही घाईत झालेलं असण्याचीच शक्यता जास्त.

गुणांबद्दल थोडक्यात. इटलीत विषयाला तीसपैकी गुण देतात, अठराला पास, आणि अंतिम निकाल एकशे दहापैकी लागतो. आपले शंभरपैकीचे गुण तीसवर आणू नयेत. आपल्या 62 गुणांचे त्रैराशिकाने साधारण साडेअठरा होतात, आणि इटालियन डोळ्याला ते कसंबसं पास झाल्यासारखं दिसतं. आपल्याकडे नर्सिंगमध्ये पन्नासला पास असतं आणि पंच्याहत्तरच्या वर विशेष प्रावीण्य धरतात. ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला श्रेणींचा तक्ता छापलेला असेल तर त्याचं भाषांतर करणं हाच यावरचा उपाय. 'डिस्टिंक्शन'ला इटलीतली सर्वोच्च मानाची 'लोदे' बहाल करू नये. ग्रेस गुणांच्या खुणा, फुल्या, तारका, अध्यादेशांचे क्रमांक दिसतील तसे उतरवावेत आणि त्यांचा खुलासा जिथे छापला आहे तिथला तोही.

नाव हा आमच्या मराठी संचांमधला नेहमीचा त्रास. मुलीच्या पदवीवर तिचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतरच्या पासपोर्टवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. इटलीत बाई लग्नानंतरही अधिकृत कागदांवर जन्माच्याच आडनावाने राहते. त्यामुळे तिथल्या कारकुनाला हे दोन वेगळ्या बायकांचे कागद वाटतात, आणि मधलं नावही बदललेलं पाहून तो आणखी गोंधळतो. भाषांतरकाराने नावं एकसारखी करू नयेत. प्रत्येक कागदावर ते जसं आहे, ज्या स्पेलिंगने आहे, तसंच द्यावं. दोन नावं एकाच बाईची आहेत हे सांगणारा कागद वेगळा असावा: विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, त्यालाही अपोस्टिल आणि भाषांतर. मधल्या नावाचा परिणाम इटलीतल्या कर क्रमांकापर्यंत जातो. हा क्रमांक नावातल्या व्यंजनांवरून तयार होतो. पासपोर्टच्या नावाच्या रकान्यात नुसतं 'मीरा' असेल तर रोमन लिपीतून एम, आर, ई ही तीन अक्षरं निघतात. 'मीरा सुरेश' असेल तर व्यंजनं चार किंवा अधिक होतात, मग पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात, आणि निघतं एम, एस, आर. एका कार्यालयाने वडिलांचं नाव धरून आणि दुसऱ्याने ते सोडून क्रमांक काढला तर बाईला दोन क्रमांक मिळतात. म्हणून भाषांतराच्या मुखपृष्ठावर नाव नेहमी पासपोर्टप्रमाणे, आणि आत मूळ कागदाप्रमाणे.

मग कागदांचा क्रम. मूळ पदवी आणि ट्रान्सक्रिप्ट यांची आधी राज्य शासनाकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, आणि त्यानंतरच भाषांतर. भारत 2005 मध्ये हेगच्या अपोस्टिल करारात सामील झाला, इटली कितीतरी आधीपासून आहे, त्यामुळे हे अपोस्टिल तिथे चालतं. ते स्टिकर बहुधा कागदाच्या मागच्या बाजूला असतं आणि त्यावरच्या मजकुराचंही भाषांतर करावं लागतं. म्हणून भाषांतर आधी करून घेतलं तर ते अपुरं राहतं. अपोस्टिल कागदातला मजकूर खरा असल्याचं सांगत नाही. सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का एवढ्याचीच ते खात्री देतं. ज्या आयांनी कौतुकाने मुलीची पदवी लॅमिनेट करून भिंतीवर लावली आहे त्यांना इथे वाईट वाटेल. लॅमिनेट केलेल्या कागदावर स्टिकर लावता येत नाही, आणि बहुधा विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढावी लागते.

एजंटांकडून घडणारी एक गोष्ट सांगायला हवी. ते भारतातच इटालियन भाषांतर करून घेतात, त्यावर नोटरीची सही घेतात आणि त्या नोटरीच्या सहीवर अपोस्टिल लावतात. स्टिकर पाहून सगळं पूर्ण झाल्यासारखं वाटतं. पण ते स्टिकर फक्त नोटरीची ओळख पटवतं. भाषांतर बरोबर आहे असं कोणीच म्हटलेलं नसतं. भारतात भाषांतर करायचं तर त्याच्या अचूकतेचा दाखला इटालियन वाणिज्य दूतावासाकडून घ्यावा. इटलीत पोचल्यावर करायचं तर तिथे 'असेवेराझिओने' म्हणजे शपथेवरचं भाषांतर असतं. 1922 च्या एका राजाज्ञेवर आजही चालणारी ही पद्धत साधी आहे. भाषांतरकार न्यायालयाच्या कार्यालयात, शांतता न्यायाधीशाकडे किंवा नोटरीकडे स्वतः जातो आणि काम नीट, प्रामाणिकपणे, फक्त सत्य कळावं म्हणून केलं अशी शपथ घेतो. कारकून त्याचा 'वेर्बाले' लिहितो आणि खोटं सांगितल्यास दंडसंहितेचं 483 वं कलम लागू होतं याची जाणीव करून देतो. जर्मनीसारखी शासननियुक्त शपथबद्ध भाषांतरकारांची देशव्यापी यादी इटलीत नाही. काही न्यायालयं त्यांच्याकडच्या तज्ज्ञांच्या यादीतलाच माणूस मागतात, काही कोणालाही चालवून घेतात. जायच्या आधी त्या न्यायालयाला विचारावं. ज्याचे कागद आहेत त्याने स्वतः आपल्या भाषांतरावर शपथ घेऊ नये, इंग्रजी-इटालियन कितीही उत्तम येत असलं तरी.

खर्चाचा हिशेब पानांवर चालतो. शपथेच्या भाषांतराला दर चार पानांना सोळा युरोचं महसुली तिकीट, 'मार्का दा बोल्लो', लागतं. पदवी एक पान, तिचं अपोस्टिल एक, ट्रान्सक्रिप्ट चार, तिचं अपोस्टिल एक, आणि वेर्बाले एक, अशी आठ पानं झाली, म्हणजे दोन तिकिटं, बत्तीस युरो. हे परवडतं. पण कोणी सांगितलं म्हणून पूर्ण अभ्यासक्रमच शपथेवर दिला, आणि तो 120 पानांचा असला, तर वेर्बाले धरून 121 पानं, 31 तिकिटं, 496 युरो, आणि भाषांतराची मजुरी वेगळी. मंत्रालयाच्या यादीत अभ्यासक्रमाचा नेमका कोणता भाग मागितला आहे हे पाहून तेवढाच घ्यावा. तासांची विभागणी देणारं कॉलेजचं पत्र नीट असेल तर बऱ्याचदा विषयवार तपशिलाची पानं पुरतात, आणि ग्रंथालयाचे नियम, गणवेशाची माहिती, वसतिगृहाच्या सूचना अशी पानं इटालियनमध्ये नेण्याचं कारण उरत नाही.

शिक्क्यांबद्दल नवखे भाषांतरकार नेहमी विचारतात. प्रत्येक शिक्का, सही, बारकोड, पार्श्वभूमीवर फिकट छापलेला मजकूर, आणि कागदावर देवनागरीत असलेला प्रत्येक शब्द इटालियनमध्ये यायला हवा. अनेक विद्यापीठांची पदवी मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असते. भाषांतरकार इंग्रजी भागावर काम करतो आणि मराठी भाग 'हाच मजकूर मराठीत' असा चौकटी कंसात नोंदवतो. मात्र तो खरंच तोच मजकूर आहे का हे वाचून मगच. काही कागदांवर मराठी बाजूला आईचं नाव असतं आणि इंग्रजी बाजूला नसतं. सही वाचता येत नसेल तर 'सही, अवाच्य' असंच लिहावं. खाली नाव छापलेलं नसताना कुलगुरूंचं नाव आठवून घालू नये.

पुढच्या प्रकरणांत पूर्ण संचांचे नमुने दिले आहेत, मूळ डाव्या पानावर आणि इटालियन उजव्या पानावर, नावं आणि क्रमांक काढून. आधी जुन्या वार्षिक पद्धतीची बी.एस्सी. नर्सिंग, मग नवी सहामाही पद्धत, मग जी.एन.एम., शेवटी नर्सिंग परिषदेचा नोंदणी दाखला आणि कॉलेजच्या तासांच्या पत्राचा मसुदा. मसुदा मराठी प्राचार्यांसाठी म्हणून इंग्रजीतच ठेवला आहे. आणि गठ्ठा न्यायालयात नेताना काय करायचं, यासाठी एक सूचना इथेच देऊन ठेवतो. मूळची प्रत, भाषांतर आणि वेर्बाले तिथे एकत्र टाचून पानांच्या सांध्यावर शिक्के मारलेले असतात. झेरॉक्स काढण्यासाठी ती टाचणी काढली की सांध्यावरचे शिक्के तुटतात आणि सगळी शपथ नव्याने घ्यावी लागते. म्हणून टाचण्याआधीच प्रत्येक पानाची स्कॅन प्रत काढून ठेवावी, आणि मंत्रालय, ओर्दिने व रुग्णालय यांना वेगवेगळे गठ्ठे लागणार असतील तर तितके संच त्याच दिवशी शपथेला न्यावेत.